मावशीही वाचते, मित्रही वाचतात: एकच कॅप्शन दोघांना पुरेल असं कसं लिहायचं

शेवटची बस चुकली. आम्ही पाच मित्रांनी रात्र बस स्टँडच्या बाकांवर काढली आणि सकाळच्या पहिल्या गाडीने परत निघालो. गाडीत चौघं माना टाकून झोपलेले आणि पाचव्याने मागे वळून टिपलेला फोटो. घरी पोचल्यावर मी तो टाकला, खाली हे लिहिलं आणि झोपून गेलो:

> मेलो रे!! 💀 काल रात्री फुल राडा. शेवटची बस गेली, रात्रभर स्टँडवर. या नालायकांसोबत परत कधीच नाही. कोणाच्या घड्याळामुळे, हे सांगायला हवं का?

दुपारी उठलो तर फोनवर अकरा मिस्ड कॉल. मावशीने कॅप्शन वाचून आईला फोन लावला होता, आईने मला, मी उचलेना म्हणून माझ्या एका मित्राला, आणि तोही झोपलेला. मावशीचा पहिला प्रश्न होता, "मारामारी कुणाशी झाली?"

मला आधी हसू आलं. मग कॅप्शन तिच्या नजरेने वाचून पाहिलं आणि तिचं काहीच चुकलेलं नाही हे कळलं. राडा म्हणजे मारामारी, हा त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे. "जाम मजा आली" हा अर्थ आमच्या टोळक्यापुरता. मेलो, कवटी, राडा, रात्रभर स्टँडवर, परत कधीच नाही, आणि वर चार पोरं माना टाकून पडलेली. एवढं सगळं एका ओळीत आल्यावर तिने दुसरं काय समजायचं?

आता तेच कॅप्शन घेऊन ते नातेवाईक, वडीलधारे आणि मित्र या सगळ्यांना चालेल असं कसं करायचं ते पायरीपायरीने बघू.

आधी एक चूक टाळा

असा फटका बसला की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. मीही गेलो. अकरा मिस्ड कॉलनंतर मी घाबरून जे पहिलं लिहिलं ते असं होतं:

> मित्रांसोबत घालवलेले अविस्मरणीय क्षण. सर्वांच्या आशीर्वादाने प्रवास सुखरूप पार पडला 🙏

हे टाकण्याआधी एका मित्राला पाठवून बघितलं. त्याचं उत्तर आलं, "निवडणुकीला उभा राहतोयस का?" बरोबरच होतं त्याचं. यात बस नाही, स्टँड नाही, घड्याळ नाही, मी स्वतःसुद्धा नाही. मित्रांसाठी यात काही उरलं नव्हतंच. पण मावशीसाठीही नव्हतं, कारण तिला आशीर्वादाचा उल्लेख नको होता, रात्री नेमकं काय झालं ते हवं होतं. वडीलधाऱ्यांना चालेल असं लिहायचं म्हणजे अभिनंदनपत्राची भाषा वापरायची, असा एक गैरसमज आपल्यात पक्का बसलेला आहे. घरातले मोठे लोक आपसात बोलताना ऐका, त्यांची भाषा आपल्यापेक्षा जास्त चटपटीत असते.

तेव्हा मसुदा पुसून टाकू नका. मूळचाच घ्या आणि त्यातले मोजके शब्द बदला.

पायरी १: मसुदा अक्षरशः वाचा

फोटो टाकण्याआधी आपल्या यादीतली एक खरी व्यक्ती डोळ्यांसमोर आणा. "नातेवाईक" असा घोळका नको, एकच माणूस: मावशी, काका, आजोबा, जो कोणी सगळ्यात आधी फोन करेल तो. आता प्रत्येक शब्दाचा कोशातला अर्थ घेत त्यांच्या आवाजात वाचा. वाचताना एवढंच शोधायचं: इथे कुणाला लागलंय किंवा कुणी दुःखात आहे असं वाटतं का, कुणाचं कुणाशी बिनसलंय असं वाटतं का, आणि वाचून झाल्यावर ते पहिला प्रश्न काय विचारतील?

माझ्या मसुद्यात "मेलो" आणि कवटी पहिल्या प्रश्नात अडकली. "राडा", "नालायक" आणि "परत कधीच नाही" दुसऱ्यात. तिसऱ्याचं उत्तर होतं, "आता कुठे आहात?" कारण पूर्ण कॅप्शनमध्ये आम्ही घरी पोचलो हे कुठेच नव्हतं. मित्रांना ते सांगावं लागत नाही, निम्मे मित्र तर फोटोतच होते.

मराठीत हा गोंधळ उडवणारे शब्द तसे थोडेच आहेत, ते ओळखून ठेवा. "वाट लागली", "संपलो", "मेलो", "राडा", "कल्टी मारली", "सुट्टी नाही". मित्रांत त्यांची धार गेलेली असते, घरात ती शाबूत असते. "काल बसलो होतो" हाही त्यातलाच, फक्त उलट्या बाजूने: इथे कोशातला अर्थ निरुपद्रवी आहे आणि मित्रांतला नाही. आणि काकांना तो कळणार नाही या भ्रमात राहू नका. हा शब्द त्यांच्या पिढीनेच आपल्याला दिलाय.

चिन्हांचंही तेच. कवटीचं चिन्ह तरुणांत "हसून मेलो" म्हणून चालतं, मोठ्यांना ती फक्त कवटी दिसते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा आणि ढसाढसा रडणारा चेहरा छोट्या पडद्यावर, चष्म्याविना, जवळजवळ सारखे दिसतात, त्यामुळे एखाद्या दुःखद बातमीखाली कुणा ज्येष्ठाने हसरा चेहरा टाकलेला तुम्हीही पाहिला असेल. चिन्हावर अर्थाचा भार टाकू नये, हा माझा साधा नियम. चिन्ह काढलं तरी वाक्य तेच सांगतंय ना, एवढं तपासायचं.

पायरी २: शक्य असलेली अतिशयोक्ती काढा, अशक्य ठेवा

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली ही आहे. म्हणून इथे जरा थांबतो.

मित्रांना अतिशयोक्ती हवी असते आणि ती काढली की कॅप्शन मिळमिळीत होतं. पण अतिशयोक्ती दोन जातींची असते. एक, जी खरीही असू शकते: "रात्रभर उपाशी होतो", "थंडीने मरायला टेकलो", "नोकरी गेली बहुतेक", "परत बोलणार नाही याच्याशी". दुसरी, जी खरी असूच शकत नाही: "माझे पाय अजून स्टँडवरच आहेत, मी तेवढा घरी आलोय."

पहिल्या जातीचा विनोद कळायला वाचणाऱ्याला तुमचा स्वभाव, तुमचा नेहमीचा सूर आणि आदल्या दिवसाची हकीकत माहीत असावी लागते. मित्राला ते माहीत असतं. मावशीला तुमचा पाळण्यातला स्वभाव माहीत असतो, आत्ताचा नाही. दुसऱ्या जातीला असलं काहीच लागत नाही. पाय सोडून कोणी घरी येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे आजोबांपासून भाच्यापर्यंत सगळ्यांना एकाच वेळी कळतं की हे चेष्टेत चाललंय.

म्हणून प्रत्येक भडक वाक्यापाशी विचारा: हे खरं असू शकतं का? असू शकत असेल तर ते इतकं ताणा की खरं असणं अशक्य होईल. "मेलो" जाऊन त्याजागी पाय स्टँडवर राहिले. कामाच्या ओझ्यावर लिहायचं असेल तर "वेड लागायची पाळी आलीये" याने घरी घबराट होईल. "लॅपटॉप आता मला नावाने हाक मारतो" याने होणार नाही, आणि मित्रांनाही हेच जास्त आवडेल.

याला मर्यादा आहे. ज्या गोष्टीची घरात खरोखर धास्ती आहे तिच्याबाबत अशक्य अतिशयोक्तीही चालत नाही. कुणी आजारातून उठलंय, कुणाचा अपघात झालाय, तर त्या विषयावरचं विनोदी वाक्य कितीही अशक्य असलं तरी तिथे कोणी हसत नाही. ते वाक्य सरळ काढा.

पायरी ३: शेवट आधी सांगा

गोष्ट सांगणारा शेवट राखून ठेवतो. कॅप्शनमध्ये उलटं करायचं. सगळं ठीक आहे हे पहिल्याच वाक्यात, मग हवी तेवढी गंमत.

यामागे कारणही अगदी व्यवहारी आहे. इन्स्टाग्रामच्या फीडमध्ये साधारण पहिली सव्वाशे चिन्हं दिसतात आणि पुढचा मजकूर `more` च्या मागे दडतो. मराठीत ही जागा आणखी लवकर संपते, कारण काना, मात्रा, वेलांटी ही मोजणीत वेगळी चिन्हं असतात: "पोचलो" हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, यंत्राला पाच चिन्हांचा. त्यातून घरच्या मोठ्यांनी फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवलेली असतील तर एका ओळीत शब्दही कमी मावतात. ते `more` दाबतीलच असं धरून चालू नका. माझ्या मूळ कॅप्शनमध्ये दर्शनी भागात होतं मेलो, कवटी आणि राडा. एवढ्यावर कोणीही फोन उचलेल.

पहिलं वाक्य म्हणून "काळजी करू नका, आम्ही ठीक आहोत" असं मात्र लिहू नका. काळजी करू नका म्हटलं की काळजी सुरू होते. घडलेली साधी गोष्ट लिहा: "आम्ही पाचही जण सकाळी घरी पोचलो." आकडा आहे, वेळ आहे, ठिकाण आहे, प्रश्नच उरत नाही.

पायरी ४: मित्रांचा टोमणा अर्ध्या वाक्याच्या गोष्टीत गुंडाळा

"कोणाच्या घड्याळामुळे, हे सांगायला हवं का?" ही ओळ मित्रांसाठी सोन्याची होती. बाकीच्यांसाठी ती बंद दार. आतला विनोद बाहेरच्याला कळला नाही एवढ्याने बिघडत नाही. पण इथे काहीतरी आहे आणि ते तुम्हाला सांगणार नाही, असा सूर निघाला की घरच्यांना ते टोचतं. मग ते खोदून विचारतात, तेही सगळ्यांसमोर, कॉमेंटमध्ये.

उपाय सोपा आहे. विनोद ज्या घटनेवर उभा आहे ती अर्ध्या वाक्यात सांगून टाका: "ज्याच्या घड्याळावर विसंबलो ते दहा मिनिटं मागे होतं." आता मावशीला पूर्ण गोष्ट मिळाली. मित्रांना त्यात ते घड्याळ, त्याचा मालक आणि त्याने आदल्या संध्याकाळी त्याच घड्याळाची केलेली जाहिरात, सगळं दिसतं. वाक्य एकच, आणि ज्याला जेवढं ठाऊक तेवढा तो हसतो. नाव घालायची गरजच पडली नाही, हा वरचा फायदा. कारण त्या मित्राची मावशीही कुठेतरी वाचत असतेच.

"नालायक" या शब्दाबद्दल मला बराच वेळ प्रश्न पडला होता. आमच्यात तो लाडाचा शब्द आहे. पण ज्यांना तो म्हटलाय त्यांचे आईवडील माझ्या यादीत आहेत, आणि आपल्या मुलाला दुसऱ्याने जाहीरपणे नालायक म्हटलेलं कुठल्याही आईला आवडत नाही, भले ती स्वतः त्याला दिवसातून चार वेळा म्हणत असेना का. शिव्या आणि लाडाच्या शिव्या यांत वाचणाऱ्याला फरक फक्त आवाजातून कळतो, आणि कॅप्शनला आवाज नसतो. टोपणनावांचंही तसंच. चारचौघांत जी हाक मारल्यावर मित्राची आजीही वळून बघेल ते नाव ठेवा, बाकीची ग्रुपमध्ये.

पायरी ५: हाक आणि क्रियापद जुळवा

मराठीने इथे आपलं काम फार सोपं करून ठेवलंय. "तुम्ही" हे अनेकांसाठीही आहे आणि आदरासाठीही. त्यामुळे "ओळखा पाहू", "सांगा", "बघा तरी" असं लिहिलं की मित्रांना ते "अरे सगळ्यांनो" असं ऐकू येतं आणि काकांना "अहो काका" असं. एकाच रूपात दोन्ही. "मेलो रे", "बघ ना भावा", "सांगा मित्रांनो" यांत मात्र अर्धी मंडळी आपोआप दाराबाहेर राहतात. "आपण सर्वांनी" हे दुसरं टोक, त्याला सभेचा वास येतो. शंका आली की हाक काढून टाका आणि क्रियापद "-आ" वर संपवा.

कॅप्शनमध्ये घरातल्या कुणाचा उल्लेख असेल तर घरात जसं बोलता तसंच लिहा. बाबांना घरी "अहो" म्हणत असाल तर "बाबा म्हणाले", "अरे" म्हणत असाल तर "बाबा म्हणाला". घरच्या सवयीपेक्षा जास्त आदर दाखवला तर तो उसना वाटतो. मित्रांत आपण "माझा बाप" म्हणतो, ते इथे नको. बाबांना चाललं तरी आत्याला चालत नाही, आणि ऐकून घ्यावं लागतं बाबांना.

सगळं एकत्र

शेवटी टाकलेलं कॅप्शन असं झालं:

> आम्ही पाचही जण सकाळी घरी पोचलो. शेवटची बस डोळ्यांदेखत गेली, कारण ज्याच्या घड्याळावर विसंबलो ते दहा मिनिटं मागे होतं. रात्र स्टँडच्या बाकांवर. माझे पाय अजून तिथेच आहेत, मी तेवढा परत आलोय. पुढच्या महिन्यात परत जातोय. घड्याळ कुणी आणायचं नाही ते सांगा.

मूळ मसुद्यातली एकही घटना गेलेली नाही. बस आहे, स्टँड आहे, घड्याळ आहे. "परत कधीच नाही" होतं त्याजागी खरी गोष्ट आली, कारण आम्ही पुढच्या महिन्याचं स्टँडवरच ठरवलं होतं. लांबी दुप्पट झाली हे मान्य. दोन प्रकारच्या वाचकांना पुरवायचं तर थोडी जागा लागतेच, पण पाच-सहा छोट्या वाक्यांच्या पुढे जाऊ नका. त्याहून जास्त झालं की तुम्ही गंमत सांगणं सोडून स्पष्टीकरण द्यायला लागला आहात असं समजा.

एका कॅप्शनमध्ये बसतच नसेल तर

काही मजकूर फक्त मित्रांचाच असतो. तो ओढूनताणून सगळ्यांसाठी करू नका, वेगळा टाका. व्हॉट्सॲप स्टेटसच्या प्रायव्हसीत `My contacts except...` आणि `Only share with...` हे पर्याय आहेत. बदल आधी करा आणि स्टेटस मग टाका, कारण आधीच टाकलेल्या स्टेटसला नवा बदल लागू होत नाही. इन्स्टाग्रामवर `Close Friends` ची यादी आधी फक्त स्टोरीसाठी होती, २०२३च्या अखेरीपासून पोस्ट आणि रीललाही चालते. फेसबुकवर प्रत्येक पोस्टला वाचक निवडता येतात, पण तिथे एक खाच आहे: कुणाला टॅग केलं की त्याच्या मित्रयादीलाही पोस्ट दिसू शकते. मावशी तुमच्या यादीत नाही, पण मावसभावाला टॅग केलं, तर काय झालं ते संध्याकाळी कळेल.

आणि यादी कितीही काटेकोर असली तरी स्क्रीनशॉट असतोच. म्हणून माझा निकष असा: लपवून टाकायचं ते मावशीला कळणार नाही असं असावं, मावशीबद्दल असू नये.

चुकलं हे कसं ओळखाल आणि मग काय कराल

कॅप्शन फसलं की पहिली खूण कॉमेंटमध्ये दिसत नाही, ती फोनवर येते. घरचा माणूस लाइक न करता थेट फोन करतो, किंवा तुम्हाला सोडून तुमच्या आईला करतो. दुसरी खूण म्हणजे विनोदी फोटोखाली आलेलं "काळजी घे बाळा". तेव्हा खाली "अहो मावशी, ते गमतीत होतं" असं लिहू नका. तिला सगळ्यांसमोर विनोद न कळलेली ठरवणं झालं ते. तिला फोन करा, रात्रीची गोष्ट सांगा, आणि इकडे कॅप्शन गुपचूप बदला. इन्स्टाग्राम आणि फेसबुक दोन्हीकडे टाकलेली पोस्ट तशीच ठेवून मजकूर तेवढा बदलता येतो, आलेले लाइक आणि कॉमेंट जात नाहीत.

एक गोष्ट मात्र कॅप्शनच्या हातात नसते: मित्रांच्या कॉमेंट. तुम्ही "नालायक" काढलात आणि पहिल्या मिनिटाला एकाने त्याहून भारी काही लिहिलं, तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून टाकताच ग्रुपवर एक ओळ सोडतो, "घरचे बघतायत." तेवढी पुरते. नाही पुरली तर कॉमेंट काढतो आणि तीच त्याला ग्रुपवर परत पाठवतो, म्हणजे राग येत नाही.

बदललेल्या कॅप्शनखाली संध्याकाळी मावशीची कॉमेंट आली: "घड्याळ कुणाचं होतं?" त्याखाली चौघांनी चार वेगवेगळी नावं लिहिली. घड्याळवाला अजून गप्प आहे.